आक्काच्या तीन हजेऱ्या

नोकरी गेली त्या वर्षी मी चोवीस वर्षांची होते. शहरात भाऊ-वहिनीजवळ पुंडलिकनगरात राहायचे आणि उस्मानपुऱ्यात एका मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या ऑफिसात पगारपत्रकं बनवायचे. कंपन्यांमध्ये आमची माणसं कामाला असत. कुणी महिन्याच्या सात तारखेला लागायचं, कुणी एकोणीसला सोडून जायचं. कोण किती दिवस आला, त्याचे किती झाले, हे सगळं मी कॉम्प्युटरवर भरायचे. काम मला आवडायचं, चुकाही क्वचितच व्हायच्या. मग ठेकेदारानं ऑफिस पुण्याला हलवलं आणि मी घरी बसले.

घरी कुणी काही बोलत नव्हतं. पण दिवसभर दोन खोल्यांत वहिनीच्या पायात पायात करणं मलाच नको वाटायचं. तेवढ्यात मावशीचा फोन आला. "ये की थोडे दिवस हिकडं. सोयाबीन आलंय, तेवढंच घर सांभाळशील." मावशीचं गाव पाचोडपासून चार-पाच किलोमीटरवर. दोन ड्रेस पिशवीत घातले आणि एसटीत बसले.

मावशीची बायकांची टोळी होती. दहा जणी, सगळ्या गावातल्याच. कुणाला थोडं वावर होतं, कुणाला नव्हतं. सुगीत या दहा जणी मिळून गुत्तं घ्यायच्या, म्हणजे रोजानं न जाता अख्ख्या शेताच्या सोंगणी-कापणीचे एकरावर पैसे ठरवायचे आणि काम संपलं की आपसांत वाटून घ्यायचे. रोजानं गेलं तर त्या वेळी बाईला तीनशे मिळत. गुत्त्यात जास्त सुटायचे, पण हात तसा चालवावा लागायचा.

मी गेले त्याच दिवशी एक शेतमालक मावशीच्या ओट्यावर बसला होता. शेत वडिलोपार्जित, हा स्वतः शहरात बँकेत नोकरीला. बारा एकर सोयाबीन उभं होतं आणि शेंगा तडकायच्या आत ते त्याला काढून हवं होतं. त्यातलं ओढ्याकडचं तीन एकर पावसानं आडवं झालेलं, गवतही माजलेलं. मावशी म्हणाली, त्या तीन एकराचे पाच हजारांनी द्या, बाकीच्याचं बघू. तो म्हणाला, भाव एकच, एकराला चार हजार, सोंगून ढीग घालून. मी चहा घेऊन आले तेव्हा दोघंही आपापल्या भावावर अडून बसले होते.

शेवटी बोलली ती आक्का. मावशीच्या शेजारची, पन्नाशीची, हाडकुळी बाई. सगळी टोळी तिला आक्काच म्हणायची. "घ्या वहिनी," ती म्हणाली. "खालच्या वावरात मरू, वरच्यात निघंल. बारा एकर मिळून इचार करा."

मावशीनं मान हलवली. सौदा झाला. अठ्ठेचाळीस हजार.

पहिले तीन दिवस मी घरीच होते. सकाळी सहाला बायका जायच्या, दिवस मावळताना यायच्या. त्या आल्या की मी वहीत हजेरी लिहायचे, कारण मावशीला अक्षर लावून वाचता येतं पण लिहायला तिचा हात चालत नाही. आधी ती भिंतीवर कोळशानं रेघा मारायची. त्या तीन दिवसांत बायकांचे हात मी पाहिले. आडवं पडलेलं सोयाबीन विळ्याला सापडत नाही, एका हातानं उचलून धरावं लागतं, वर गवताची धार लागते. आक्काच्या उजव्या पंज्यावर तर कापल्याच्या बारीक लाल रेघाच रेघा. दहा जणी, तीन दिवस आणि झालं किती, तर ते खालचं तीन एकर.

तिसऱ्या दिवशी त्या घरी आल्या तर आक्काच्या जावयाचा फोन आला. तिची लेक शहरात राहायची, पहिलटकरीण. दिवस भरायला वेळ होता, पण कळा सुरू झाल्या होत्या. आक्का उभ्या उभ्याच म्हणाली, "मी सकाळच्या गाडीनं जाते. आता काय मला यायला जमायचं नाय."

मावशी मला म्हणाली, "हिचे किती व्हतात ते काढ. दवाखान्यात हातात पैसा लागतो."

मी लगेच काढले. ऑफिसात रोज हेच तर करायचे. तीन एकर झालं, म्हणजे बारा हजारांचं काम झालं. दहा जणींच्या तीस हजेऱ्या. एका हजेरीला चारशे. आक्काचे तीन दिवस, बाराशे. मावशीनं आपल्या पदरचे बाराशे दिले. आक्कानं ते न मोजता कमरेच्या पिशवीत ठेवले आणि म्हणाली, "लई झाले. रोजानं नऊशेच आले असते." मी वहीत तिच्या नावापुढं रेघ ओढली आणि 'चुकते' असं लिहिलं. ऑफिसची सवय.

सकाळी मावशी म्हणाली, "एक बाई कमी पडती. तू चल."

मी शाळेत असताना सुट्टीत कधीतरी विळा धरला होता, तेवढाच. पण घर सांभाळायला बोलावलेल्या पोरीला सांभाळण्यासारखं घरात तसं काही नव्हतंच. गेले. वरचं नऊ एकर उभं होतं, पिवळंधम्मक, कोरडं, पानं गळालेलं. दहा जणींनी दहा पाती धरल्या. एक पात म्हणजे प्रत्येकीनं पुढं न्यायच्या ठरावीक ओळी. पहिल्या तासाभरात नऊ जणी पुढं गेल्या आणि मी एकटी मागं. कंबर भरून आली, विळा बोटाला लागला. मावशीनं चिंधी बांधली आणि आपल्या पातीवर परत गेली.

मग मला दिसलं, की माझ्या पातीतल्या ओळी पुढं पुढं कमी होत चालल्यात. डावीकडची थोरली आणि उजवीकडची मावशी, दोघी जाता जाता माझी एकेक ओळ घेऊन टाकत होत्या. गावातल्या एकाच घरच्या दोघी जावा टोळीच्या ओळखीच्या होत्या. थोरली रोजची, धाकटी क्वचित यायची, म्हणून नावं न घेता सगळ्या त्यांना थोरली आणि धाकटीच म्हणायच्या.

दिवस मावळताना हजेरी लिहायला बसले तेव्हा मी स्वतःच म्हणाले, "माझी अर्धी लिहिते. माझं काम अर्धंच झालं."

थोरली पदरानं तोंड पुसत होती. "दिवसभर व्हतीस ना वावरात? मग पूर्ण लिही. आमचे बी पहिले दिवस असेच गेलेत."

बाकीच्यांना त्यात बोलण्यासारखं काही वाटलं नाही. मी पूर्ण लिहिली. दुसऱ्या दिवशी थोडी बरी चालले, चौथ्या दिवशी माझी पात मी एकटीनं शेवटाला नेली. ते कुणाच्या लक्षात आलं की नाही माहीत नाही, पण मी बांधावर उभी राहून मागं वळून ती मोकळी पट्टी बघत राहिले होते. कॉम्प्युटरवर कितीही नावं भरली तरी असं मागं वळून बघायला काही उरत नसे.

मधल्या एका दिवशी पाचोडचा बाजार होता. थोरलीला बाजार करायचा होता, म्हणून ती दुपारी गेली आणि तिच्या जागी धाकटी आली. मी दोघींची अर्धी अर्धी लिहिली. वरचं नऊ एकर पाच दिवसांत उरकलं.

मालक रविवारी सकाळी गाडी घेऊन आला, शेत फिरला, ढीग बघितले आणि अठ्ठेचाळीस हजार रोख मावशीच्या हातात ठेवले. वाटणी दुपारी, मावशीच्या दारातल्या लिंबाखाली. बायका जेवून, डोकं धुऊन आलेल्या. धाकटीही आली होती. मी हिशोब सकाळीच करून ठेवला होता आणि मला त्याचा थोडा अभिमान होता. उठून वाचायला सुरुवात केली.

खालच्या तीन एकराचे बारा हजार, तीस हजेऱ्या, चारशेनं. वरच्या नऊ एकराचे छत्तीस हजार, पन्नास हजेऱ्या, सातशे वीसनं. आठही दिवस आलेल्या आठ जणींना प्रत्येकी चार हजार आठशे. थोरलीला चार हजार चारशे चाळीस. धाकटीला अर्ध्या दिवसाचे तीनशे साठ. आक्काचे बाराशे आधीच चुकते. माझे पाच दिवसांचे तीन हजार सहाशे.

धाकटी खूश झाली. अर्ध्या दिवसात तीनशे साठ, तिला दोनशेच्या वर अपेक्षा नव्हती. बाकीच्यांनी चार हजार आठशे ऐकून एकमेकींकडं बघितलं. चांगलं सुटलं होतं. मीही मनात साडेतीन हजारांच्या वर मिळाले म्हणून खूश होते. भावाच्या घरी गेल्यावर वहिनीच्या हातात द्यायला काहीतरी होतं.

मावशी मात्र नोटांवर हात ठेवून बसली होती. "आक्काला चारशेनं, आन् तुला सातशे वीसनं?"

"व्हय," मी म्हणाले. "ती होती तेव्हा तेवढंच काम झालं. मी होते तेव्हा जास्त झालं."

"तू होतीस म्हणून जास्त झालं का?"

कुणीतरी हसलं. मावशी हसत नव्हती, पण रागावलेलीही नव्हती. तिला खरोखरच समजून घ्यायचं होतं.

मी म्हणाले, "मावशी, तिचा हिशोब त्याच दिवशी पुरा झाला. ती हो म्हणून, पैसे घेऊन गेली. ऑफिसात एकदा माणसाचा हिशोब चुकता झाला की पुन्हा उघडत नाहीत."

"तिथं पगार ठरलेला असतो," मावशी म्हणाली. "इथं भाव आपण ठरवला. मी खालच्याचे पाच मागत व्हते, तो देत नव्हता. मग आक्का काय म्हणली? तू तिथंच व्हतीस चहा घेऊन."

मी होते. बारा एकर मिळून, असं ती म्हणाली होती. खालच्या शेताचे पैसे वरच्या शेतात लपलेले आहेत हे त्या ओट्यावर सगळ्यांनी मान्य केलं होतं, आणि मी ते पैसे शोधून काढून माझ्या नावावर लिहिले होते. एकराचे चार हजार हा भाव खालच्या शेताचाही नव्हता आणि वरच्याचाही नव्हता. दोन्ही मिसळून तो झाला होता. हे मला तेव्हा लख्ख कळलं.

तरी मी म्हणाले, "मग बाकीच्यांचं कमी होईल."

"करून तर बघ," थोरली म्हणाली.

मी पान उलटलं. अठ्ठेचाळीस हजार, एकूण ऐंशी हजेऱ्या, एकीला सहाशे. आठ दिवस गुणिले सहाशे, चार हजार आठशे. मी पुन्हा गुणलं. तेवढेच. पहिल्यापासून शेवटपर्यंत आलेल्या बाईला कुठल्याही रीतीनं तेवढेच पडत होते, कारण तिनं वाईटही वावर काढलं होतं आणि चांगलंही. थोरलीचे साडेसात दिवसांचे चार हजार पाचशे झाले, साठ रुपयांनी जास्त. धाकटीचे तीनशे, साठ रुपयांनी कमी. आक्काचे अठराशे, सहाशेनी जास्त. आणि माझे तीन हजार. बरोबर सहाशेनी कमी.

म्हणजे त्या लिंबाखाली बसलेल्यांपैकी आठ जणींना यात काही घेणं-देणं नव्हतं. प्रश्न मधूनच गेलेल्या बाईचा आणि मधूनच आलेल्या बाईचा होता, आणि गेलेली बाई तिथं बोलायला नव्हती. वही मात्र माझ्या हातात होती.

मी आकडे मोठ्यानं वाचले. मावशी माझ्याकडं बघत राहिली. मला वाटतं, तिला मीच बोलायला हवी होते. मला पहिला दिवस आठवला, अर्ध्या कामाची पूर्ण हजेरी, माझ्या पातीतून गुपचूप गेलेल्या ओळी. तेव्हा कुणी मोजलं असतं तर माझे पाच दिवस साडेचारसुद्धा भरले नसते.

"सहाशेनं वाटा," मी म्हणाले. "आक्काचे सहाशे राहिलेत, ते मी नेऊन देते. मला शहरात जायचंच आहे."

धाकटी वहीकडं बघत होती. तिचे साठ गेले होते. थोरलीनं तिला कोपरानं ढोसलं. "माझे साठ वाढले ते तुझेच ना? घरातच राह्यले." त्यावर मात्र सगळ्या हसल्या आणि धाकटीही हसली. मग मावशीनं नोटा मोजून द्यायला घेतल्या. प्रत्येकीनं मोजून घेतल्या, पुन्हा मोजल्या, आणि दिवस कलायच्या आत लिंबाखालची जागा रिकामी झाली.

दोन दिवसांनी मी परत आले. आक्काच्या लेकीची खोली आमच्या घरापासून पायी वीस मिनिटांवर निघाली. आक्का गच्चीवर बाळाची दुपटी वाळत घालत होती. मुलगी झाली होती, दोघी बऱ्या होत्या. मी पिशवीतून सहाशे काढून दिले.

"हे कशाचे?" तिनं विचारलं.

"सोंगणीचे. तुमचे सहाशे निघाले अजून."

"मी तर बाराशे घेऊन मोकळी झाले व्हते."

मी समजावून सांगितलं. खालचं वावर, वरचं वावर, ऐंशी हजेऱ्या, एकीला सहाशे. ती दुपटं हातात धरून नीट ऐकत होती. मध्ये एकदा तिनं मला थांबवलं, बोटांवर मोजलं, आणि मग पुढं बोल अशी खूण केली. सगळं ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "मग कमी कोणाचे झाले?"

मला हे सांगायचं नव्हतं. पण ती थेट बघत होती. "माझे," मी म्हणाले. "थोडे धाकटीचे."

ती परत देते का काय असं मला वाटलं. तसं झालं असतं तर मी काय केलं असतं कोण जाणे. तिनं नोटा दुमडल्या, कमरेच्या पिशवीत ठेवल्या आणि दोरी ओढली. "बरोबर हाय हिशोब," ती म्हणाली. "त्या खालच्या वावरानं माझा हात सोलून निघाला व्हता." मग तिनं माझा हात ओढून बोट बघितलं, आणि त्यावर हळद लावली होती का ते विचारलं.

आभार वगैरे काही नाही. ते पैसे तिचे होते आणि तिला ते मिळाले. जिन्यावरून उतरताना मला फार हलकं वाटलं. तिनं आभार मानले असते तर कदाचित इतकं वाटलं नसतं. वर आक्कानं चहा टाकला होता आणि लेकीनं बाळ माझ्या मांडीवर दिलं होतं, तेही होतंच.

पुढं मला शहरातच दुसऱ्या ऑफिसात काम मिळालं. लग्न झालं. पण मावशीच्या टोळीचा हिशोब आजही माझ्याकडंच आहे. सुगीच्या दिवसांत संध्याकाळी मावशी फोनवर आवाज भरून पाठवते, कोण आलं, कोण गेलं, कोण अर्ध्या दिवसानं उठलं. मी वहीत उतरवून घेते. त्या वर्षानंतर टोळीनं ठरवलं, की सौदा होतानाच सगळ्यांना सांगायचं. गुत्तं अख्खं धरायचं, कुठल्या शेतात कोण होतं ते बघायचं नाही, एकूण पैसे भागिले एकूण हजेऱ्या. मधूनच जाणाऱ्या बाईला जाताना रोजाच्या भावानं हातात द्यायचं आणि उरलेले पैसे काम संपल्यावर पोहोचवायचे. कितीला सुटणार हे शेवटची पात निघेपर्यंत कुणालाच कळत नाही, म्हणून.

एका वर्षी उलटंही झालं. पावसानं मध्ये चार दिवस घालवले, वावरात पाय रुतत होते, आणि गुत्तं रोजाच्याही खाली गेलं. हजेरीला दोनशे ऐंशीच पडले. मधूनच गेलेल्या एका बाईनं तीनशेनं दोन दिवसांचे नेले होते. चाळीस रुपये जास्त. मी फोनवर विचारलं, परत मागायचे का?

मावशीनं बायकांना विचारून सांगते म्हणून फोन ठेवला. पाच मिनिटांनी परत केला. "ऱ्हाऊ दे म्हणत्यात सगळ्या. चाळीस रुपायसाठी तिच्या दारात कोण जातंय? उरलेल्यात भागव." मी ते चाळीस बाकीच्यांत पसरले. कुणाचे तीन गेले, कुणाचे चार.

आक्का आता टोळीत नाही. गुडघे दुखतात, लेकीकडंच असते. कधी रस्त्यात भेटली की विचारते, यंदा हजेरीला किती पडले? मी आकडा सांगते. ती मनातल्या मनात काहीतरी मोजते आणि म्हणते, "बरे पडले," नाहीतर, "वावर वल्लं असंल." नातीला शाळेत सोडायचं असतं, त्यामुळे ती फार वेळ थांबत नाही.